खूण आणि संकेत

संध्याकाळी साडेसहाला दादर स्टेशनवर माणसाला स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही. अशा वेळी समोरासमोरच्या दोन फलाटांवर उभी असलेली दोन मुलं मधल्या रुळांवरून निवांत गप्पा मारत होती. एक जण बराच वेळ काहीतरी रंगवून सांगत होता, दुसरा मधेच त्याला अडवत होता, मग दोघंही हसले. तेवढ्यात मधून फास्ट लोकल गेली. सगळे डबे जाईपर्यंत गप्पा थांबल्या आणि जिथे तुटल्या होत्या तिथूनच पुढे सुरू झाल्या. शेजारी उभे असलेले गृहस्थ कौतुकाने मला म्हणाले, "यांचं एक बरं असतं. खाणाखुणाच त्या, जगात कुठेही चालतात. आपल्याला इथून हुबळीला गेलं तरी भाषेची पंचाईत."

त्या गृहस्थांशी फलाटावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्यांचं मत त्यांच्या एकट्याचं नाही, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांचंही तेच असतं. पूर्वपक्ष त्याच्या सगळ्या ताकदीनिशी मांडल्याशिवाय त्याचं खंडन करू नये असा आपल्याकडचा जुना दंडक आहे, म्हणून आधी तो मांडतो. बधिर माणसांच्या खुणा ज्या वस्तूंबद्दल असतात त्या वस्तूंसारख्या दिसतात, म्हणून त्या शिकाव्या लागत नाहीत, पाहिल्या की कळतात. कळतात म्हणूनच त्या सगळीकडे सारख्या असतात. खुणांच्या ओळीला व्याकरण नसतं. असलंच तर ते भोवतालच्या बोलीचं असतं, म्हणजे मुंबईतला बधिर माणूस मोडकीतोडकी मराठी किंवा हिंदीच हातांनी बोलत असतो. हे सगळे दुवे एकमेकांत अडकलेले आहेत आणि पहिला निखळला की बाकीचे फार वेळ टिकत नाहीत.

पहिला दुवा आपल्याच भाषेतल्या एका शब्दाने सैल होतो. आपण या भाषेला 'सांकेतिक भाषा' म्हणतो आणि मनात 'खाणाखुणांची भाषा' असा अर्थ धरतो. पण 'संकेत' म्हणजे खूण नव्हे, संकेत म्हणजे ठरवून घेतलेली गोष्ट. नैयायिकांनी शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाला हेच नाव दिलं. अमुक पदाने अमुक अर्थ समजावा, हे ठरलेलं असतं म्हणून तो समजतो. मीमांसकांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते तो संबंध कुणी ठरवलेला नाही, तो मुळातलाच आहे. हाताच्या खुणांबाबत आपण सगळे नकळत मीमांसक होतो, कारण खूण आणि अर्थ यांचा संबंध आपल्याला स्वाभाविक वाटतो. मराठी समीक्षेत 'सांकेतिक' हा शब्द आपण नेमका 'रूढीने ठरलेला' याच अर्थाने वापरतो, फक्त बधिरांचा विषय निघाला की तो अर्थ विसरतो.

तो संबंध खरंच स्वाभाविक असता तर कुणालाही खुणा पाहून अर्थ ओळखता आला असता. हे तपासून पाहिलेलं आहे. एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेतले 90 शब्द ती भाषा न येणाऱ्या 10 ऐकणाऱ्या माणसांना दाखवले. त्यातल्या 81 शब्दांचा अर्थ एकालाही ओळखता आला नाही. अर्थ सांगितल्यावर मात्र 'हो, बरोबर, तसंच दिसतं की' असं वाटतं. साम्य दिसतं, पण ते अर्थ कळल्यानंतर दिसतं.

तरी साम्य असतंच, ते नाकारण्यात हशील नाही. भारतीय सांकेतिक भाषेत 'पुरुष' म्हणताना बोट मिशीच्या जागी जातं आणि 'स्त्री' म्हणताना नाकपुडीवरच्या चमकीच्या जागी. पण गुळगुळीत दाढी-मिशी केलेला पुरुषही पुरुषच आणि नाक न टोचलेली स्त्रीही स्त्रीच. मिशी दिसते म्हणून खूण होत नाही, तसं ठरलेलं आहे म्हणून होते. यालाही आपल्या शास्त्रात तयार शब्द आहे. चिखलात बेडूकही जन्मतो आणि शेवाळही, पण 'पंकज' म्हणजे कमळच. व्युत्पत्ती दिसते, तरी अर्थ रूढीने एकाच ठिकाणी बांधलेला असतो. अशा शब्दाला योगरूढ म्हणतात. मिशीची खूण ही तशीच योगरूढ आहे. शिवाय तोंडी भाषा तरी अनुकरणातून कुठे सुटल्या आहेत? 'काक' हा शब्द कावळ्याच्या आवाजाचं अनुकरण आहे असं यास्काने निरुक्तात नोंदवलं आणि अनुकरणातून शब्द होतच नाहीत असं म्हणणाऱ्या औपमन्यवाचं मतही लगेच खाली दिलं. हा वाद इतका जुना आहे. पण कावळा आणि टिटवी यांच्यामुळे मराठी म्हणजे नुसते आवाज ठरते, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

साम्य असूनही खुणा वेगवेगळ्या कशा होतात हे झाडावर पाहावं. अमेरिकी सांकेतिक भाषेत कोपरापासून हात उभा धरून पंजा हलवतात, हात म्हणजे खोड आणि बोटं म्हणजे फांद्या. डेन्मार्कमध्ये दोन्ही हातांनी हवेत झाडाचा घेर आणि खाली बुंधा रेखाटतात. चिनी सांकेतिक भाषेत दोन्ही हातांनी खोड कवेत धरल्यासारखं करून हात वर नेतात. तिन्ही खुणा झाडासारख्याच आहेत आणि तिन्ही एकमेकींपासून निराळ्या. झाडाचा कुठला भाग पकडायचा, हे झाड सांगत नाही.

आणि शब्दाच्या आत शिरलं तर तिथेही वर्णांसारखेच तुकडे सापडतात. विल्यम स्टोको हा गॅलोडेट कॉलेजात इंग्रजी शिकवणारा प्राध्यापक. त्याने 1960 मध्ये दाखवलं की अमेरिकी सांकेतिक भाषेतला प्रत्येक शब्द हाताचा आकार, हाताची जागा आणि हालचाल अशा मोजक्या घटकांत सोडवता येतो आणि त्या घटकांना स्वतःचा अर्थ नसतो. वाकवलेली तर्जनी कपाळावरून आडवी ओढली तर 'उन्हाळा', नाकासमोरून ओढली तर 'कुरूप', हनुवटीवरून ओढली तर 'कोरडा'. आकार तोच, हालचाल तीच, फक्त जागा बदलली आणि शब्द बदलला. 'काळ', 'गाळ' आणि 'टाळ' यांत नेमकं हेच होतं. नाकाचा कुरूपतेशी किंवा हनुवटीचा कोरडेपणाशी काही संबंध नाही, जसा 'ग'चा चिखलाशी नाही.

इथवर पूर्वपक्षी म्हणेल, ठीक आहे, खुणा ठरलेल्या असतील, पण आहेत तर हातवारेच. फरक आहे तो कमी-जास्त सफाईचा. या आक्षेपाला उत्तर देणारे दोन पुरावे मला सगळ्यांत बळकट वाटतात, कारण त्यांत हातवारा आणि शब्द एकाच माणसात, एकाच हातावर, वेगळे होताना दिसतात.

पहिला पुरावा लहान मुलांचा. अमेरिकी सांकेतिक भाषेत 'मी' म्हणजे स्वतःकडे बोट आणि 'तू' म्हणजे समोरच्याकडे बोट. याहून उघड खूण असू शकत नाही, आणि बोट दाखवायला तर बाळं वर्षाच्या आतच शिकतात. मग बधिर आई-वडिलांच्या बधिर मुलाला 'मी' आणि 'तू' आयतेच मिळायला हवेत. लॉरा-अ‍ॅन पेटिटो यांनी अशा मुलांचा माग ठेवला आणि 1987 मध्ये तो प्रसिद्ध केला. मुलं आधी माणसांकडे आणि वस्तूंकडे सारखंच बोट दाखवत होती. मग साधारण वर्षापासून दीड वर्षापर्यंत वस्तूंकडे बोट दाखवणं चालू राहिलं, पण माणसांकडे दाखवणं बंद पडलं. आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा, दोन वर्षांच्या थोडं आधी, ते उलटं आलं. त्यांतली एक मुलगी समोरच्याकडे बोट दाखवून 'मी' असं म्हणत होती. आपल्याकडचं दोन वर्षांचं पोर स्वतःलाच 'तुला पाहिजे' म्हणतं तेव्हा आपण हसतो, कारण 'तुला पाहिजे का' असं आई त्याला विचारते आणि ते तेवढंच उचलतं. ही मुलगी तेच करत होती. आई तिच्याकडे बोट दाखवते, म्हणून ते बोट तिला स्वतःचं नाव वाटलं. काही महिन्यांत तिचं ते सुधारलं, ऐकणाऱ्या मुलांचं सुधारतं त्याच वयात. बोट निव्वळ हातवारा असतं तर ही चूक होणं शक्यच नव्हतं. हातवारा तिला येतच होता. जे येत नव्हतं ते सर्वनाम.

दुसरा पुरावा म्हातारपणाकडचा. ब्रिटनमधल्या एका बधिर गृहस्थांना मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. संशोधकांनी त्यांना चार्ल्स हे टोपणनाव दिलं आणि 2004 मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास छापला. वाचाघात झालेल्या ऐकणाऱ्या माणसाला जसा ओळखीच्या वस्तूचा शब्द आठवत नाही, तसा चार्ल्सना खुणेचा शब्द आठवेना. पण वस्तू कशी वापरतात ते नुसत्या अभिनयाने दाखवा, असं सांगितलं की ते दाखवू शकत. ब्रिटिश सांकेतिक भाषेत काही वस्तूंची खूण त्यांच्या वापराच्या अभिनयासारखीच असते, तिथेही हाच प्रकार. अभिनय शाबूत आणि शब्द हरवलेला. आणि शब्द हरवताना वस्तूसारखी दिसणारी खूण आणि न दिसणारी खूण यांत त्यांच्या मेंदूने भेद केला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही हालचाली जवळजवळ एकच वाटतात. आत मात्र त्या वेगवेगळ्या कप्प्यांत असतात आणि एक कप्पा बंद पडून दुसरा चालू राहू शकतो.

आता राहिला व्याकरणाचा दुवा: 'असेल भाषा, पण आहे ती हातांनी बोललेली मराठीच.' याचं खंडन करायला मुंबई-दिल्लीकडची भारतीय सांकेतिक भाषाच घ्यावी, आणि तिच्यातलीही फक्त प्रश्न विचारायची पद्धत. मराठीत कोण, कुठे, कधी, किती असे वेगवेगळे शब्द आहेत, त्यांत समान असतो तो 'क'. या भाषेत जणू तो 'क' सुटा करून ठेवला आहे. प्रश्नाची एकच मुख्य खूण असते आणि तिला जोडी मिळते. चेहरा आणि प्रश्न मिळून 'कोण', जागा आणि प्रश्न मिळून 'कुठे', वेळ आणि प्रश्न मिळून 'कधी', संख्या आणि प्रश्न मिळून 'किती'. गंमत पुढे आहे. हे जोडीदार एकमेकांपासून लांब जाऊ शकतात. प्रश्नाची खूण वाक्याच्या अगदी शेवटी जाते आणि जोडीदार मागे आपल्या जागी थांबतो. 'तुझा भाऊ कुठे काम करतो?' हे वाक्य 'तुझा भाऊ – जागा – काम – प्रश्न' असं पडतं. मराठीत 'कु' वाक्याच्या टोकाला आणि 'ठे' मध्यभागी, असं कधी होत नाही, आणि हिंदी-इंग्रजीतही होत नाही. मग हे हातांनी बोललेलं नेमकं कुठल्या भाषेचं भाषांतर?

शिवाय निम्मा प्रश्न चेहऱ्यावर असतो. 'कुठे', 'कधी' असा प्रश्न असेल तर भुवया वर जातात, हनुवटी उचलली जाते आणि डोकं मागे जातं. 'भाऊ काम करतो का?' असा हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया वरच, पण डोकं पुढे झुकतं. मराठीतला शेवटचा 'का' इथे हातावर नसतोच, तो मानेत असतो. ऐकणाऱ्याला हे 'किती हावभाव करतात' असं दिसतं. पण अमेरिकी सांकेतिक भाषेत 'कुठे', 'कधी' विचारताना भुवया आक्रसतात. हावभाव मनातल्या भावनेचे असते तर कुतूहल वाटल्यावर मुंबईकराच्या भुवया वर आणि न्यूयॉर्ककराच्या खाली का जाव्यात? नवशिक्या ऐकणाऱ्या माणसाची चूकही इथेच पकडता येते. तो मराठीच्या क्रमाने शब्द मांडतो, 'कुठे' मध्ये घालतो आणि चेहरा कोरा ठेवतो. त्याचा प्रत्येक हात बरोबर असतो, पण समोरच्याला प्रश्न विचारला आहे हेच कळत नाही.

आता हुबळीचा मुद्दा. गृहस्थांचं म्हणणं होतं की खुणा सगळीकडे चालतात. लंडन आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे इंग्रजी चालतं, पण तिथल्या बधिरांना एकमेकांच्या भाषा समजत नाहीत. कारण अमेरिकेत बधिरांची पहिली कायमची शाळा 1817 मध्ये हार्टफर्डला निघाली ती लोराँ क्लेर या बधिर फ्रेंच शिक्षकाच्या मदतीने, म्हणून अमेरिकी सांकेतिक भाषेचं नातं पॅरिसशी जुळतं, लंडनशी नाही. नुसती बाराखडी पाहिली तरी भेद दिसतो. अमेरिकेत इंग्रजी अक्षरं एका हाताने काढतात, ब्रिटनमध्ये दोन हातांनी. आपल्याकडे दोन हातांची आली. तेवढ्यावरून भारतीय सांकेतिक भाषा ब्रिटिशांची मुलगी समजू नये. रोमन लिपीत लिहिली म्हणून कोकणी काही पोर्तुगीज होत नाही.

इथे एक गोष्ट समजली की पुढचं सगळं उलगडतं. बधिर मुलांतल्या बहुसंख्यांचे आई-वडील ऐकणारे असतात. अमेरिकेत हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त निघालं आहे. म्हणजे ही भाषा बहुतेकांना आईकडून मिळत नाही. ती मिळते वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून, जेवणाच्या रांगेत आणि दिवे मालवायच्या आधी. 1880 च्या मिलान परिषदेने बधिरांना ओठ वाचून आणि बोलूनच शिकवावं असा ठराव केल्यावर ही पद्धत जगभर पसरली, आपल्याकडेही आली. वर्गात हात बांधून बसायचं आणि वर्ग सुटला की बोलायचं, असं शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या झालं. भाषा टिकली ती त्या सुटीत. म्हणून सांकेतिक भाषांच्या सीमा राज्यांच्या किंवा मातृभाषांच्या सीमांवरून जात नाहीत, त्या शाळांवरून जातात. डब्लिनमध्ये कॅथलिक मुलांची आणि मुलींची बधिर शाळा वेगवेगळी होती, तर त्या शाळांतून बाहेर पडलेल्या पुरुषांचे आणि बायकांचे अनेक शब्दच वेगळे झाले. एकाच शहरात, एकाच धर्मात आणि पुढे एकाच घरातही.

भारतात याचा शोध 1977 च्या सुमारास लागू लागला. मदन वसिष्ठ हे स्वतः बधिर असलेले संशोधक जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांच्याबरोबर दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळूरच्या बधिरांचे शब्द गोळा करत फिरले. भारतात अशी भाषा नाहीच, असं मानणारे त्या वेळी बधिरांच्या शिक्षणक्षेत्रातच पुष्कळ होते. या तिघांना मात्र चारही शहरांच्या शब्दसंग्रहांत सुमारे 75 टक्के शब्द एका मुळाचे सापडले. हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटलं पाहिजे. बंगळूरच्या कन्नडचं आणि मुंबईच्या मराठीचं कूळसुद्धा एक नाही, तरी तिथल्या बधिरांचे चारातले तीन शब्द जुळतात. म्हणजे पंचाईत आपली होते, ती दादरच्या मुलांची तेवढी होणार नाही. गृहस्थ एवढ्यापुरते बरोबर होते, फक्त त्यांनी दिलेलं कारण चुकीचं होतं.

अशा टक्क्यांबद्दल एक खबरदारी घ्यावी लागते. तोंडी भाषांची नाती पाहायला भाषाशास्त्रज्ञ मूलभूत शब्दांची ठरावीक यादी वापरतात, आणि तिच्यात नाक, कान, डोळा, मी, तू हे शब्द असतात. सांकेतिक भाषांत हे बहुतेक ठिकाणी बोट दाखवूनच होतात. ते मोजले तर मुंबई आणि मेक्सिकोसुद्धा नातेवाईक निघतील. वुडवर्ड यांनी असे शब्द यादीतून काढून टाकले. ज्या सर्वेक्षणात ही काळजी घेतलेली नसते, तिथल्या जुळणाऱ्या शब्दांच्या आकड्यावर मी तरी फार विसंबत नाही.

मग भारतात भाषा एक की अनेक? सरकारचा कल एकीकडे आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने भारतीय सांकेतिक भाषा देशभर प्रमाण करण्याचं ठरवलं. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने 2018 मध्ये 3,000 शब्दांचा कोश काढला, तो 2021 च्या तिसऱ्या आवृत्तीत 10,000 शब्दांवर गेला. कोश हवाच होता. पण शब्द इंग्रजी-हिंदीच्या अनुरोधाने शोधायचे असल्याने, हिंदीत शब्द आहे म्हणून इथेही एक खूण हवी, असा समज तो वाचणाऱ्याचा सहज होतो. आणि एखादी खूण शाळेत मास्तरांनी 'चुकीची' ठरवली तर ती बहुधा चुकीची नसते, ती दुसऱ्या शाळेची असते. पुण्याच्या मराठीने वऱ्हाडीला हेच केलं आहे.

संशोधकांचं तर एकमतच नाही. वुडवर्ड यांनी 1993 मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळची शब्दसंपदा ताडून पाहिली आणि त्या एका कुळातल्या वेगवेगळ्या भाषा ठरवल्या. उलरिके झेशान यांनी कराची आणि दिल्लीत राहून व्याकरण तपासलं आणि 2000 साली ग्रंथ लिहिला. शब्द बरेच वेगळे, पण प्रश्न, नकार, वाक्यरचना इतकी सारखी, की त्यांनी दोन्हींना मिळून 'इंडो-पाकिस्तानी' असं एकच नाव दिलं. शब्द मोजावेत की व्याकरण, हा वाद मराठी-कोकणीच्या भांडणात वाढलेल्या माणसाला नवा नाही. फक्त इथे दोन्ही बाजूंना झेंडे नाहीत. त्यानंतर 2016 मध्ये जेन आणि रसेल जॉन्सन यांनी पश्चिम बंगालमधल्या शब्दांची इतर राज्यांशी तुलना केली आणि तिथली सांकेतिक भाषा भारतीय सांकेतिक भाषेपासून निराळी मानावी, असा निष्कर्ष काढला. झेशान आणि जॉन्सन यांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, हे खरं. पण दोघांचं एकदम मानलं तर नकाशा असा निघतो, की दादरच्या त्या मुलांची भाषा कराचीत बोलतात आणि कोलकात्यात नाही.